कामगार-बदलाचे माप आणि उसाचा फड : भिगवण परिसराच्या आधारे एका दराची चिकित्सा

परिव्यय-लेखाशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ज्यास कुठे ‘श्रम-उलाढाल’ तर कुठे ‘कामगार-बदल दर’ असे नाव दिलेले आढळते, त्या मापाविषयी विद्यार्थ्यांच्या मनात सहसा संशय उत्पन्न होत नाही. सूत्र सोपे, उदाहरणे सुटसुटीत, आणि निष्कर्षही ठरलेला : दर अधिक असेल तर कारखान्याची व्यवस्था बिघडलेली, दर कमी असेल तर कामगार संतुष्ट. या दोन शब्दांपैकी ‘उलाढाल’ हा शब्द मुळातच अडचणीचा आहे. मराठीत उलाढाल होते ती मालाची आणि पैशाची; जितकी मोठी तितकी पेढी भरभराटीची. माणसांच्या येण्याजाण्यास तोच शब्द लावला की कानाला तरी वाढत्या आकड्याचे भय वाटेनासे होते. ‘कामगार-बदल’ हा शब्द त्या मानाने बरा, कारण एक गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला हा अर्थ त्यात शाबूत राहतो. पुढील विवेचनात तोच स्वीकारला आहे. परंतु नाव सुधारल्याने माप सुधारत नाही. आणि भिगवणच्या आसपास दरवर्षी हिवाळ्यात जे घडते त्याच्याशी हे माप ताडून पाहिले असता त्याचे मूळ गृहीतच डळमळू लागते.

प्रथम सूत्रे. ठरावीक काळात काम सोडून गेलेल्यांची संख्या घ्यावी, तिला त्या काळातील सरासरी कामगारसंख्येने भागावे व शंभराने गुणावे. हा वियोग-पद्धतीचा दर. सोडून गेलेल्यांऐवजी त्यांच्या जागी नव्याने घेतलेल्यांची संख्या अंशस्थानी घातली की तो प्रतिस्थापन-पद्धतीचा दर. दोहोंची बेरीज घेतली, किंवा काही लेखक करतात त्याप्रमाणे बेरजेचे अर्ध घेतले, की तो प्रवाह-पद्धतीचा दर होतो. बदलाचा खर्चही दोन गटांत मांडतात. कामगाराने जाऊ नये म्हणून जो होतो तो प्रतिबंधक खर्च, आणि तो गेल्यामुळे जो होतो तो प्रतिस्थापनाचा खर्च. दुसऱ्या गटात तीन गोष्टी येतात : जाणाऱ्याची देणी भागविणे, नव्याचा शोध व भरती, आणि त्यास शिकविण्यात गेलेला वेळ, बिघडलेला माल व घटलेले उत्पादन. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या यंत्रशाळेस हे सर्व बहुतांशी लागू पडते. तेथे हजेरीपट असतो, त्यावर नाव असते, आणि नाव कमी झाल्याची तारीख असते. सूत्राला हवे असलेले सारे तेथे लिहिलेले सापडते.

भिगवण हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरील, उजनीच्या फुगवट्याच्या काठचे गाव. इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांत नीरेच्या कालव्यांनी व पुढे उजनीच्या पाण्याने ऊस पसरला, आणि भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर अशा ठिकाणी सहकारी कारखाने उभे राहिले. पुढे शेटफळगढ्याच्या बाजूस खासगी कारखानाही आला. कारखान्याच्या फाटकाच्या आत वर्षभराचे आणि हंगामी असे दोन्ही प्रकारचे कामगार असतात. फाटकाच्या बाहेर, फडात, ऊस तोडणारे हजारो स्त्रीपुरुष असतात. ते बीड, अहिल्यानगर, सोलापूर आदी जिल्ह्यांच्या कोरडवाहू गावांतून दिवाळीच्या सुमारास येतात, उसाच्या पाचटाच्या कोप्या उभारून राहतात आणि पट्टा पडला की परततात. कारखान्याच्या गव्हाणीत पडणारी मोळी त्यांच्या हातची असते. पण कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नसते.

येथे सूत्राची पहिली अडचण उभी राहते. कारखान्याच्या पटावरून तोडणी-कामगारांचा बदल-दर काढावयाचा म्हटला, तर अंशस्थानी शून्य येते आणि छेदस्थानीही शून्य येते. गणितात अशा भागाकारास अर्थ नाही. व्यवहारात मात्र तो अहवालातून गळून पडतो, आणि वाचणाऱ्याची समजूत अशी होते की या ठिकाणी प्रश्नच नाही.

पट बाजूस ठेवून टोळीच हाती घेतली तर काय होते? उदाहरणादाखल दहा कोयत्यांची एक टोळी कल्पावी. हंगाम दीडशे दिवसांचा धरावा. साठाव्या दिवशी दोन कोयते रातोरात निघून गेले, आणि दहा दिवसांनी त्यांच्या जागी दुसरे दोन मिळाले. कोयता म्हणजे सामान्यतः नवरा-बायकोची जोडी. म्हणून माणसे वीस, गेलेली चार, आलेली चार. वियोग-पद्धतीने दर वीस टक्के, प्रतिस्थापन-पद्धतीनेही वीस, आणि प्रवाह-पद्धतीने चाळीस. पण पट्टा पडल्यावर उरलेली वीसही माणसे काम सोडून गेली, हे वियोगात धरावयाचे की नाही? धरले, तर चोवीस भागिले वीस, म्हणजे एकशेवीस टक्के. तीच वीस माणसे पुढल्या दिवाळीत त्याच मुकादमाकडे आली, तरी हा आकडा तिळमात्र बदलत नाही. अर्थात एकाच टोळीचा दर निरर्थक शून्यापासून एकशेवीसपर्यंत कोठेही बसू शकतो, आणि तो कोठे बसेल हे टोळीत काय घडले यावर अवलंबून नसून ‘सोडणे’ या क्रियापदाचा अर्थ काय धरला यावर अवलंबून आहे. हंगामी कामास हे सूत्र लावताना पाठ्यपुस्तके बहुधा एवढेच सुचवितात की हंगामी वियोग वेगळा दाखवावा. सूचना रास्त आहे, परंतु अपुरी. कारण अडचण केवळ अंशात नाही, छेदातही आहे.

छेदातील ती अडचण ‘कोयता’ या शब्दात साठलेली आहे. हत्याराचे नाव माणसास लागणे हे मराठीला नवे नाही. नांगरांवरून जमिनीची मोजदाद होत असे आणि चुलींवरून गावाची. पण येथे हत्याराचे नाव एका माणसास लागत नसून दोघांच्या जोडीस लागते. एकटा पुरुष आला तर तो ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्यावर दिली जाते, टनेज कोयत्यावर धरले जाते, करारही कोयत्यांच्या संख्येचा होतो. तोडणारा सहसा पुरुष. पाचट काढणे, मोळी बांधणे व ती डोक्यावरून वाहनापर्यंत नेणे यांत स्त्रीचा वाटा मोठा असतो. तिचे श्रम मोजले जातात, पण ती स्वतः मोजली जात नाही. आता तिला बाळंतपणासाठी गावी परतावे लागले आणि नवरा मागे राहिला, तर त्या टोळीत बदल झाला की नाही? माणसे मोजली तर विसांपैकी एक गेली, दर पाच टक्के. कोयते मोजले तर एकही गेला नाही. फार तर एक कोयता अर्धा झाला. टोळीच्या तोडीत पडलेली घट मात्र पाच टक्क्यांहून अधिक असू शकते, कारण उरलेला पुरुष एकट्याने तोडणे आणि वाहणे ही दोन्ही कामे करीत असतो. मोजणीचे एकक निवडतानाच एका प्रकारचा वियोग अदृश्य करण्यात आला आहे. हे भाषेने मुद्दाम केले असे नव्हे. भाषेने व्यवहाराचा हिशेब तंतोतंत उतरवून घेतला, इतकेच.

आता खर्चाकडे वळावयास हरकत नाही. भरतीचा खर्च या व्यवस्थेत ‘उचल’ या नावाने वावरतो. कारखाना ती थेट मजुरास देत नाही. हंगामापूर्वी तो वाहतूक-ठेकेदाराशी करार करून त्यास आगाऊ रक्कम देतो. वाहतूकदार स्वतःची भर घालून ती मुकादमास देतो. मुकादम आपल्या व शेजारच्या गावांतील कोयत्यांना वाटतो. वरच्या टप्प्यांवर लेखी करार व तारण असते. शेवटच्या टप्प्यावर बहुधा तोंडओळख आणि गावकी एवढेच असते.

वरील टोळीतील एका कोयत्यास एक लाख रुपये उचल मिळाली असे समजावे. जोडीची तोड दिवसाला दोन टन आणि तोडणीचा दर टनाला चारशे रुपये धरला, तर दिवसाची कमाई आठशे होते. यांतून रोजच्या भाकरीसाठी ‘खर्ची’ म्हणून दिवसाला सरासरी अडीचशे रुपये उचलले जातात. (हे सर्व आकडे हिशेबाच्या सोयीसाठी कल्पिलेले आहेत, प्रत्यक्ष दर करारागणिक व वर्षागणिक बदलतात.) साठ दिवसांत कमाई अठ्ठेचाळीस हजार, खर्ची पंधरा हजार, उचलीत वळती तेहतीस हजार. म्हणजे साठाव्या दिवशी जो कोयता गेला त्याच्याकडे सदुसष्ट हजार रुपये येणे राहिले, आणि दोन कोयत्यांचे मिळून एक लाख चौतीस हजार.

ही रक्कम कोणाच्या वहीत खर्च म्हणून पडते? कारखान्याच्या वहीत नाही. तो वाहतूकदाराच्या बिलातून आणि अनामतीतून आपली आगाऊ रक्कम कापून घेतो. वाहतूकदाराच्या वहीतही लगेच नाही. तो मुकादमाचे कमिशन अडवितो आणि बाकी मुकादमाच्या नावे ठेवतो. मुकादम ती पळालेल्या कोयत्याच्या नावे ठेवतो आणि पुढील हंगामात त्याच्या गावी जाऊन उभा राहतो. तोवर सर्व वह्यांत ती ‘येणे’ आहे, म्हणजे संपत्तीच आहे. ती बुडीत ठरते तेव्हा दोनतीन वर्षे उलटलेली असतात, आणि ज्या हंगामात बदल झाला त्या हंगामाच्या हिशेबात त्याचा मागमूस नसतो. मुकादमच अनेक ठिकाणची उचल घेऊन आला नाही, तर मात्र रक्कम एकदम बुडते आणि प्रकरण पोलीस ठाण्यात जाते. साखरपट्ट्यातील अशा तक्रारी वर्तमानपत्रांच्या वाचकांना परिचित आहेत. ती घटना लोक फसवणूक म्हणून नोंदवितात. तिच्यात भरतीचा खर्च एका क्षणी आणि एका जागी दृश्यमान होतो, हे सहसा कोणी पाहत नाही.

या वाटेने निसटलेला खर्च अखेर कोठे पोचतो याचा माग काढणे उद्बोधक ठरते. महाराष्ट्रात तोडणी व वाहतूक कारखाना करवून घेतो आणि तिचा खर्च उसाच्या किमतीतून वजा करून उरलेली रक्कम उत्पादकास देतो. मुकादमाचे कमिशन त्या खर्चात आहे. वाहतूकदाराने बुडीत उचलीचा धोका ओळखून मागितलेला चढा दरही त्यातच आहे. म्हणून भिगवणजवळच्या दोन एकरांच्या ऊस-उत्पादकास आपण कामगार-बदलाचा खर्च सोसतो आहोत याची कल्पना नसली, तरी टनामागे तो तो सोसत असतो. भारतीय परिव्यय-लेखा संस्थेच्या सातव्या मानकात कर्मचारी-परिव्ययाचा विचार आहे : वियोगाचा खर्च लाभकाळावर विभागून दाखवावा, भरती व प्रशिक्षणाचा खर्च उपरिव्यय समजावा, असे त्याचे सांगणे. मानक चोख आहे. पण ते कर्मचाऱ्याविषयी आहे. आणि तोडणी-कामगार कारखान्याच्या लेखी कर्मचारी नसून कच्च्या मालाच्या किमतीचा एक घटक आहे. माणसाच्या भरतीचा खर्च उसाच्या किमतीत जाऊन बसल्यावर त्यास मानकाच्या भिंगातून शोधणे व्यर्थ होय.

प्रशिक्षणाच्या खर्चाबाबत अधिक बारकाईने पाहिले पाहिजे, कारण तेथे ‘काहीच खर्च नाही’ हा समज सर्वत्र रूढ आहे. ऊस तोडणे हे अकुशल काम मानले जाते. वास्तविक ऊस जमिनीलगत छाटावा लागतो. बुडख्याकडील कांड्यांत साखर अधिक असते, आणि बुडखा उंच ठेवला तर टनेज बुडतेच, शिवाय खोडव्याची फूटही बिघडते. उलट शेंड्याकडचा कोवळा भाग, म्हणजे वाढे, योग्य पेऱ्यावर तोडावा लागतो. तो उसाबरोबर गेला तर रसाची शुद्धता घसरते आणि उतारा कमी बसतो. पाचट नीट निघाले पाहिजे आणि मोळी वाहनात बसेल अशी बांधली गेली पाहिजे. हे सर्व अंधारात, पहाटेच्या थंडीत, जलद करावयाचे असते. सराईत जोडीस हे येते, कारण ती दोघेही लहानपणी आईबापांबरोबर फडावर वाढलेली असतात. त्यांच्या शिक्षणाची किंमत त्यांच्या बुडालेल्या शाळेने आधीच चुकती केलेली असते, आणि म्हणून ती कारखान्यास शून्य दिसते.

मधल्या हंगामात घाईने आणलेल्या नवख्या कोयत्याच्या बाबतीत हीच किंमत दुसरीकडे फुटते. पहिले काही आठवडे त्याची तोड सराइतापेक्षा कमी पडते. हे नुकसान त्याचे स्वतःचे, कारण मजुरी टनावर आहे. उंच राहिलेल्या बुडख्याचे नुकसान शेतकऱ्याचे. त्याचा खोडवा पुढल्या वर्षी विरळ येतो तेव्हा तो दोष पाण्याला किंवा खताला देतो. वाढ्यासकट गेलेल्या उसाचे नुकसान कारखान्याचे, आणि तेही उताऱ्याच्या दशांशात विरघळून जाते. यंत्रशाळेतील शिकाऊ माणसाने बिघडविलेला भाग तरी मेजावर दिसतो. येथे बिघडलेला माल तीन ठिकाणी विखुरलेला असतो आणि त्यांपैकी एकही ठिकाण दुसऱ्याशी जोडून पाहिले जात नाही.

जागा रिकामी राहिलेल्या दहा दिवसांचा खर्चही असाच वाटला जातो. पूर्ण टोळी दिवसाला वीस टन तोडते, म्हणजे दहा टनांच्या दोन खेपा. दोन कोयते गेल्यावर सोळाच टन होतात. दुसरी खेप चार टनांनी अपुरी भरते. डिझेल, चालक आणि ट्रॅक्टरचा हप्ता मात्र तेवढाच राहतो. वाहतूकदार पूर्ण खेपेसाठी सकाळपर्यंत थांबला, तर तोडलेला ऊस फडावर वाळतो. तोडल्यानंतर दिवस उलटेल तसतसे त्याचे वजन घटते आणि त्यातील साखरेचे विघटन होऊ लागते. उन्हाळ्याकडे झुकलेल्या हंगामात हे अधिक वेगाने होते. दहा दिवसांत त्या टोळीची चाळीस टन तोड बुडाली. रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यास चार टनांची रोजची तूट जाणवतही नाही. अशा कारखान्यास या हिशेबाने अडीच हजार कोयते लागतात. त्यांतील अडीचशे एकाच सुमारास गेले, तर मात्र रोज पाचशे टनांची खोट येते, गव्हाण रिकामी फिरते, आणि गाळप-अहवालात ‘नो केन’च्या रकान्यात तास वाढू लागतात. बाष्पकाचे इंधन, आतील कामगारांचे पगार, कर्जाचे व्याज ही सर्व चालूच असतात. म्हणून ‘दर माणशी बदलाचा खर्च अमुक’ अशी सरासरी काढून तिला गेलेल्यांच्या संख्येने गुणणे या उद्योगात फसवे ठरते. पहिले काही कोयते गेल्याचा कारखान्यास खर्च जवळजवळ नाही. एका मर्यादेपलीकडे प्रत्येक कोयत्याचा खर्च झपाट्याने चढतो.

फाटकाच्या आत आणि बाहेर यांची तुलना येथे अटळ होते. आतला हंगामी कामगारही पट्टा पडल्यावर घरी जातो. पण त्याने पुढील हंगामात परत यावे म्हणून कारखाना त्यास बंद काळात धारण-भत्ता देतो. कामगारांच्या तोंडी त्याचे नाव ‘रिटेन्शन’. तो कुशलतेनुसार ठरतो, आणि पाठ्यपुस्तकातील प्रतिबंधक खर्चाचे याहून शुद्ध उदाहरण मिळणे कठीण. बाहेरच्या तोडणी-कामगारानेही परत यावे अशीच इच्छा असते. पण त्यास बंद काळात भत्ता मिळत नाही, उचल मिळते. एकास काम नसताना वेतनाचा अंश दिला जातो, दुसऱ्यास काम करण्यापूर्वी कर्ज दिले जाते. दोहोंचा हेतू बदल टाळणे हाच. मात्र पहिल्यात टाळण्याचा खर्च मालक सोसतो, तर दुसऱ्यात तो कामगाराच्या नावे लिहून ठेवला जातो.

वियोगाच्या वेळी हा फरक आकड्यांत उघडा पडतो. १९७२ च्या उपदान कायद्यात हंगामी आस्थापनेतील जो कामगार वर्षभर कामावर नसतो त्यास दर हंगामामागे सात दिवसांचे वेतन असा हिशेब घातलेला होता, आणि सामाजिक सुरक्षा संहितेनेही तो ठेवला आहे. महिना सव्वीस हजार वेतनाचा असा कामगार दहा हंगामांनंतर गेला, तर दिवसाचे वेतन सव्विसाव्या भागाने एक हजार, आणि उपदान सत्तर हजार रुपये होते. तो जाताना सत्तर हजार घेऊन जातो. फाटकाबाहेरील कोयता जाताना सदुसष्ट हजारांचा देणेकरी होऊन जातो. वियोगाचा खर्च येथे नाहीसा झालेला नाही; त्याची दिशा उलटली आहे. पाठ्यपुस्तकातील तिन्ही सूत्रांना ही दिशा दाखविण्याची सोय नाही, कारण खर्च हा नेहमी मालकाचाच असतो असे त्यांनी न सांगता धरलेले आहे.

दीडशे दिवसांचा पूर्ण हंगाम न थांबता काम केलेल्या कोयत्याचा हिशेबही याच अंगाने पाहण्याजोगा आहे. कमाई एक लाख वीस हजार, खर्ची साडेसदतीस हजार, वळती साडेब्याऐंशी हजार. म्हणजे एकही खाडा न करता साडेसतरा हजारांची बाकी फिरते आणि कोयता पुढील हंगामास त्याच मुकादमाशी बांधलेला राहतो. खाडा झाला तर कमाई बुडतेच, शिवाय दंडही धरला जातो. बीड जिल्ह्यातील तोडणी-कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली शासनाच्या समितीपुढे आला, तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यास वैद्यकीय व्यवसायातील लोभापासून अनेक कारणे आहेत, आणि त्या सर्वांचा भार खाड्याच्या दंडावर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि एक दिवसही जागा रिकामी राहू नये हा व्यवस्थेचा आग्रह त्या कारणांत आहे, हे नाकारता येत नाही. बदलाचा आणि गैरहजेरीचा खर्च वह्यांतून ढकलत नेला असता तो शेवटी कोठे थांबतो, याचे हे एक उत्तर होय.

तेव्हा कमी बदल-दर म्हणजे संतोष, हे समीकरण या ठिकाणी टिकत नाही. परंतु त्याच्या उलट टोकास जाऊन उचल म्हणजे केवळ बेडी, असे म्हणणेही एकांगी आहे. १९७६ चा वेठबिगार-निर्मूलन कायदा कर्जाच्या मोबदल्यात काम सोडण्याचे स्वातंत्र्य हिरावून घेण्यास मनाई करतो, आणि काही ठिकाणी उचलीचा व्यवहार त्या रेषेपर्यंत जातो हे खरे. मात्र ज्या वर्षी कोयत्यांची टंचाई असते त्या वर्षी उचल चढते, कोयते मुकादम बदलतात, आणि कोणतीही बँक देणार नाही अशी एकरकमी रक्कम लग्नाला, घराला, विहिरीला हाती येते. उचल हे मजुराचे सौदा करण्याचेही साधन आहे. मुकादमही बहुधा त्याच थरातला; पळालेल्या कोयत्याची बाकी फेडताना त्याचीच जमीन जाते. मुंबईच्या गिरण्यांतील जॉबरशी त्याची तुलना वारंवार केली जाते, पण एका बाबतीत ती साफ चुकते. जॉबर नव्या माणसाकडून दस्तुरी घेई. एक गेला आणि दुसरा आला की त्याची मिळकत होई, आणि म्हणून कामगार-बदल त्यास लाभाचा होता. १९२९ ते १९३१ या काळातील व्हिटले आयोगापुढे जॉबराच्या भरतीवरील सत्तेविषयी ज्या तक्रारी आल्या त्यांचे मर्म हेच होते. मुकादमास मात्र प्रत्येक बदल तोट्याचा आहे. दोघेही मध्यस्थ, परंतु बदलाचा खर्च एकाकडे नफा म्हणून येतो आणि दुसऱ्याकडे कर्ज म्हणून.

मग या क्षेत्रात मोजावे तरी काय? दर सोडून द्यावा असे सुचविण्याचे कारण नाही. अंश आणि छेद बदलावे लागतील. छेदस्थानी कोयते न घेता माणसे घ्यावीत, स्त्री व पुरुष वेगळे. अंशस्थानी हंगामाच्या मध्यात गेलेली माणसे वेगळी आणि पुढील हंगामात त्याच मुकादमाकडे न परतलेली वेगळी धरावीत. परतलेल्यांचेही पुन्हा दोन भाग पाडावेत : बाकी घेऊन परतलेले आणि बाकी फेडून परतलेले. या चारांपैकी शेवटची संख्या सर्वांत बोलकी. ज्याच्या डोक्यावर काही नाही तो पुन्हा आला, तर त्या कामात, त्या मुकादमात किंवा त्या दरात त्यास काही राखण्यासारखे वाटले असे म्हणता येईल. बाकी घेऊन आलेल्याच्या परतण्याने असे काहीच सिद्ध होत नाही. दोघांना एका बेरजेत घालणाऱ्या स्थैर्याच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

यासाठी लागणारी पुष्कळशी सामग्री कारखान्यांकडे आजही पडून आहे, फक्त ती निरनिराळ्या खात्यांत आहे. शेतकी खात्याकडे टोळीच्या क्रमांकाने निघालेल्या तोड-चिठ्ठ्या असतात. एखाद्या क्रमांकाची रोजची खेप एकाएकी अपुरी पडू लागली, तर तो वियोगाचा दिवस समजावा. लेखा-विभागाकडे वाहतूकदारनिहाय वसूल न झालेली आगाऊ रक्कम असते. गाळप-अहवालात ‘नो केन’चे तास असतात, आणि प्रयोगशाळेकडे उसाबरोबर आलेल्या वाढे-पाचटाचे प्रमाण असते. या चार कागदांचा तारीखवार मेळ घातला, तर हंगामाच्या मध्यातील बदलाचा खर्च बऱ्याच अंशी बाहेर येऊ शकतो. जेथे तोडणी-यंत्रे आली आहेत तेथे हेच कागद आणखी एका तुलनेस उपयोगी पडतील, कारण यंत्राच्या घसाऱ्याची तुलना आज केवळ मजुरीशी केली जाते, बुडीत उचलीशी नाही. गेल्या काही वर्षांत ग्रामसेवकांमार्फत तोडणी-कामगारांना ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले आहे. ती माणसागणिक आहेत, कोयत्यागणिक नव्हेत. मात्र तोड-चिठ्ठीवर अद्याप टोळीचा क्रमांक, वाहनाचा क्रमांक, गटाचे नाव आणि शेतकऱ्याचे नाव एवढेच असते. मोळी ज्यांनी बांधली त्या दोघांच्या नावासाठी तिच्यावर रकाना नाही.